जीमवरची शद्दा

शाळेचे मोठे सर फोनवर एवढंच म्हणाले, "पेंटर, बाईंची शेवटची पानं घेऊन या. मूळ पानं. झेरॉक्स नको."

"कशाला?" मी विचारलं.

"या तर खरं. समोरासमोर बोलू."

कशाला ते मला माहीत होतं. गेले आठ महिने मी त्या फोनची वाट बघत होतो, फक्त तो कुणाचा येईल ते ठाऊक नव्हतं.

मी पाट्या रंगवायचो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, गाड्यांच्या मागच्या. म्हणून मला सगळे पेंटर म्हणतात, मोठे सरसुद्धा. माझी बायको अरबी शिकवायची. दुपारी शाळा सुटल्यावर मुलं तिच्या वर्गाला यायची. कुणाला धर्माचं पुस्तक वाचायचं असायचं, कुणाचा बाप तिकडच्या देशात कामाला असायचा, कुणाला नुसतं घरचे पाठवायचे. बावीस वर्षं तिने तो वर्ग घेतला आणि बावीस वर्षं त्या वर्गाची सरावाची पानं आम्ही दोघांनी घरी बनवली. ती पेन्सिलीने लिहायची, मी शाईने गिरवायचो. तिचं अक्षर बारीक आणि घाईचं होतं. माझ्या हाताला वळण होतं. तिला भाषा येत होती, मला वाचता येत नव्हतं. आजही येत नाही. अक्षरं ओळखतो, पण ती एकमेकांशी काय बोलतात ते कळत नाही.

सगळ्यात जास्त पानं एकाच गोष्टीवर होती. अरबीत एखादी वस्तू 'तीच' म्हणून सांगायची असली, की शब्दाच्या आधी अलिफ आणि लाम जोडतात. कमर म्हणजे चंद्र, तर अल्-कमर. पण शम्स म्हणजे सूर्य, त्याला लावलं की अल्-शम्स म्हणायचं नाही, अश्-शम्स म्हणायचं. लाम लिहायचा, बोलायचा मात्र नाही. त्याच्याऐवजी पुढचं अक्षर दुप्पट जोराने म्हणायचं. अठ्ठावीस अक्षरांतली चौदा अशी लामला गप्प करणारी. त्यांना सौर अक्षरं म्हणतात. उरलेली चौदा चांद्र, त्यांच्यापुढे लाम मोकळेपणाने बोलतो.

बायको मुलांना सांगायची, "लाम हा भिडस्त पाहुणा आहे. काही घरांत गेला की गप्पा मारतो, काही घरांत तोंड उघडत नाही. पण गप्प बसला म्हणून त्याची खुर्ची उचलायची का?"

"नाहीऽऽ!" मुलं ओरडायची.

"मग लाम लिहायचा की नाही?"

"लिहायचाऽऽ!"

तरी दर वर्षी दहा-बारा मुलं लाम गाळायचीच. ऐकू येत नाही ते लिहायचं कशाला, हे लहान डोक्याला पटत नाही. म्हणून पानांवर खुणा असायच्या. लाम बोलत असेल तर त्याच्या डोक्यावर बारीक गोल, त्याला सुकून म्हणतात. लाम गप्प असेल तर त्याच्यावर काहीच नाही आणि पुढच्या अक्षरावर शद्दा, छोट्या दातऱ्यासारखी. ही शद्दा म्हणजे 'दुप्पट म्हण'. वरच्या चार ओळींत आम्ही खुणा देऊन ठेवायचो, खालच्या आठ ओळी मुलांनी भरायच्या.

आता मला वाचता येत नाही म्हटल्यावर मी खुणा कशा मारायच्या? त्यासाठी तिने एक पद्धत काढली होती. शब्दाच्या बाजूला ती रंगीत पेन्सिलीचा ठिपका द्यायची. पिवळा म्हणजे सौर: लाम मोकळा ठेव, पुढच्यावर शद्दा मार. फिका निळा म्हणजे चांद्र: लामवर गोल, संपलं. हे दोन रंग हलके लावले तर झेरॉक्समध्ये उठत नाहीत, त्यामुळे पुसत बसावं लागायचं नाही. ठिपके मूळ पानावर तसेच राहायचे. मुलांपर्यंत फक्त माझी शाई जायची.

ती मूळ पानं कपाटाखालच्या चपट्या पेटीत आहेत. एकूण त्रेसष्ट. शेवटची चार जीमची.

जीम म्हणजे 'ज'. मोठं पोट आणि पोटात एक ठिपका असलेलं अक्षर. ते चांद्र आहे, पण उच्चारताना जीभ जवळजवळ श आणि द च्याच जागी जाते, म्हणून सगळी मुलं त्याला सौर समजतात. अल्-जबल म्हणजे डोंगर, तर मुलं अज्जबल म्हणतात. काही प्रांतांत माणसं बोलताना तसंच म्हणतात, असं बायको सांगायची, पण लिहून-वाचून शिकताना ते चालत नाही. "जीम फसवतो," हे तिचं आवडतं वाक्य. वर्गात कुणी लबाडी केली तर ती म्हणायची, "अरे जीम!"

आणि तिच्या शेवटच्या चार पानांवर, जबल, जमल, जरस, जार, सगळ्या जीमांसमोर पिवळे ठिपके आहेत.

तिच्या डोक्यात गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढी वर्षं डोकं वापरलं, थोडी जागा त्यालाही लागली असेल." हसली पण. पुढे हसणं कमी झालं. पलंगावर पाट ठेवून ती पानं लिहायची, कारण दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं. एकदा 'बाब', म्हणजे दार, या शब्दासमोर ठिपकाच नव्हता. मी सहज म्हटलं, "इथे द्यायचा राहिला वाटतं."

तिने पान घेतलं. बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "बा कुठला? सौर की चांद्र?"

मला वाटलं चेष्टा करते आहे. मी म्हटलं, "मला काय विचारतेस, मास्तरीण तू."

तिने पेन्सिल ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. चार दिवस पानांना हात लावला नाही. पाचव्या दिवशी मला म्हणाली, "यादी कर रे. माझं काय काय गेलं त्याची. म्हणजे मला कळेल."

त्यानंतर तिने जीमची पानं लिहिली. मी बोरू घेऊन बसलो आणि पहिल्याच ओळीला थांबलो. मला वाचता येत नसलं तरी बावीस वर्षं मी शेकडो जीम गिरवले होते. पोटवाली तीन अक्षरं आहेत, एकाच्या पोटात ठिपका, एकाच्या डोक्यावर, एकाला नाहीच. तिघांनाही नेहमी निळाच ठिपका. एकदाही पिवळा नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, खूश होती, चार पानं एका दमात झाली म्हणून.

"छान झालीत," मी म्हटलं. आणि सगळ्या जीमांवर शद्दा मारल्या.

तीन आठवड्यांनी ती गेली.

*

मूळ पानं मी महिनाभराने शाळेत दिली, कारण नव्या बाईंनी मागितली. तिच्या जागी आलेली पंचविशीची मुलगी, तिला सगळे नवी बाई म्हणतात. तिने त्रेसष्ट पानांमधून निवडून सुट्टीच्या अभ्यासाची पुस्तिका केली आणि पानं परत दिली. देताना जीमबद्दल मी काही बोललो नाही, परत घेतानाही नाही. मला वाटलं, तिला येतं, तिला दिसेल. दिसलं नाही. दिसलं नाही, कारण ती पानं बाईंची होती. बाईंच्या पानांवर कुणी शंका घेत नसे.

सुट्टीनंतर पालकांसमोर वाचन होतं. पंधरा मुलांनी एकामागून एक अज्जबल वाचलं. पहिल्या रांगेत एका मुलीची आजी बसली होती, तिला अरबी येत होती. ती उठून मोठ्या सरांना म्हणाली, "बाई होत्या तेव्हा असलं कधी ऐकलं नाही हो."

हे सगळं मला मोठ्या सरांनी बुधवारी त्यांच्या खोलीत सांगितलं. त्यांची खोली म्हणजे एक टेबल, दोन कपाटं आणि भिंतीवर बायकोचा फोटो. वर्गाच्या बाराव्या वर्षीचा. त्याच्याखालीच माझी खुर्ची होती.

"ती म्हणते पानावरच तसं होतं," मोठे सर म्हणाले. "मी पुस्तिका बघितली. शद्दा निळ्या पेनाने काढल्यात. विचारलं तर म्हणते, झेरॉक्समध्ये खुणा फिक्या आल्या म्हणून मी गडद केल्या. असलेलीच खूण गिरवली. आता मला सांगा, बाईंच्या पानावर जीमवर शद्दा? बाईंच्या?"

मी खुर्ची फोटोखालून थोडी बाजूला घेतली.

"तिचे पहिले सहा महिने शुक्रवारी संपतात. कायम करायचं की नाही ते ठरवायचंय. चूक कुणाकडूनही होते हो, पण स्वतःची चूक मेलेल्या माणसावर ढकलायची, हे मला सहन होत नाही. मूळ पान आणलंत?"

"सापडलं नाही," मी म्हटलं.

"तुमच्याकडे? तुम्ही तर रंगाच्या डब्यांनासुद्धा नंबर घालता."

"शोधतो."

"शुक्रवारच्या आत शोधा, पेंटर."

बाहेर पडताना वर्गावरून गेलो. दार उघडं होतं. नव्या बाईने फळ्यावर जबल लिहिलं होतं आणि लामवर गोल काढला होता. पुढच्या बाकावर एक मुलगी होती, कपाळावर भलीमोठी टिकली लावणारी, तिला सगळे टिकलीच म्हणतात. ती हात वर करून उभी होती.

"पण बाईंच्या पानावर तर वेगळं होतं," टिकली म्हणाली.

"ते चुकीचं छापलं गेलं, बाळा."

"बाईंचं चुकायचं नाही."

"बरोबर," नवी बाई म्हणाली. "माझं चुकलं. मी गिरवताना चुकले. खाली बस आणि गोल काढ."

तिने मला दारात बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून जिना उतरलो.

*

घरी धाकटी येऊन बसली होती. धाकटी म्हणजे माझी मेहुणी, बायकोची पाठची बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि बहीण गेल्यापासून दिवसाआड येते, मी जेवलो का ते बघायला आणि मी नीट जेवलो नाही म्हणून बोलायला. तिच्याकडे आमच्या घराची किल्ली आहे. पेटी तिने आधीच बाहेर काढली होती.

"मोठ्या सरांचा मला पण फोन आला," ती म्हणाली. "भावोजींना पान सापडत नाही म्हणे. म्हटलं, भावोजींना सापडत नाही म्हणजे सापडवायचं नाही." तिने जीमचं पान माझ्यासमोर धरलं. तिलाही वाचता येत नाही, पण ठिपक्यांची गोष्ट तिला माहीत होती. लहानपणापासून बहिणीच्या मागे मागे असायची. "हे पिवळं काय आहे?"

मी सांगितलं. सगळं नाही. ठिपका चुकीचा आहे एवढं.

 तिने पान उलटं करून मांडीवर ठेवलं, जसं कुणाचं तोंड झाकावं.

"हे कुणाला दाखवायचं नाही," ती म्हणाली.

"त्या पोरीची नोकरी जाईल."

"जाऊ दे. दुसरी मिळेल. पंचविशीची आहे ती. ताईला दुसरं नाव मिळणार आहे का?"

"पण चूक तिची नाही."

"तिने गिरवली ना? डोळे होते ना तिला? शिकलेली आहे ना?" धाकटीचा आवाज चढला. "भावोजी, आख्खं गाव ताईला बाई म्हणतं. नुसतं बाई. दुसऱ्या कुठल्या बाईला नुसतं बाई म्हणतात? आणि तुम्ही जाऊन सांगणार, शेवटी शेवटी तिला ज कळत नव्हता म्हणून?"

"मी तसं सांगणार नाही."

"पान तसंच सांगतं ना पण!"

तिने स्वयंपाकघरात जाऊन काडेपेटी आणली. मी ती हातातून घेतली. ती रडायला लागली आणि म्हणाली, "मग तुम्हीच ठेवा, तुम्हीच मरा त्याच्याबरोबर." मग डोळे पुसून, "भाजी झाकून ठेवलीय," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी घराबाहेर पडलो नाही. पान बाहेर काढायचो, पेटीत ठेवायचो. पांढऱ्या रंगाची बाटली काढून पिवळ्या ठिपक्यांवर एक एक थेंब टाकावा, वर निळा द्यावा, शद्दा खरवडून लामवर गोल काढावे, असंही मनात आलं. माझ्या हाताला पाच मिनिटांचं काम. कुणाला कळलं नसतं. पण मग नवी बाई खोटी ठरली असती, तीही माझ्या हाताने. पान दाखवलं तर बायको. लपवलं तर पोरगी. खोलीत येरझारा घालायला सात पावलं होती, तीही टेबलाला वळसा घालून.

संध्याकाळी मला तिसरी वाट सुचली. एवढी सोपी, की आधी कशी सुचली नाही याचं नवल वाटलं.

*

शुक्रवारी खोलीत मोठे सर होते, नवी बाई होती आणि मी. मी बसलो नाही.

"पान हरवलं," मी म्हटलं. "पण त्याची गरज नाही. चूक माझी आहे. बाईंनी बरोबरच लिहिलं होतं. शाई मी मारतो. मला वाचता येत नाही. त्या दिवसांत माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. शद्दा मी मारल्या."

मोठ्या सरांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा सैल पडला. "अहो, मग आधी सांगायचं. एवढं काय त्यात! घरात तसा प्रसंग, कुणाचाही हात चुकेल." ते नव्या बाईकडे वळले. "माझं चुकलं, पोरी. मी तुझ्यावर नको ते मनात आणलं."

"ठीक आहे, सर," ती म्हणाली. पण ती बघत होती माझ्याकडे.

मला वाटलं, सुटलो. दाराकडे वळलोसुद्धा.

"थांबा पेंटर," मोठे सर म्हणाले. "मग बाकीच्या पानांचं काय?"

"कुठल्या?"

"त्रेसष्ट ना? सगळी तुम्हीच गिरवलेली. तुम्हाला वाचता येत नाही, हे मला आज कळतंय. बावीस वर्षं मी समजत होतो की पेंटरला थोडंफार येतं." ते चिडले नव्हते, काळजीने बोलत होते, त्यामुळेच जास्त लागलं. "एकदा हात चुकतो तर आणखी कुठे कुठे चुकला असेल, आणि तपासणारी तर गेली. मी मुलांच्या हातात ती पानं देऊ शकत नाही. तयार छापील पुस्तक मिळतं, पुढच्या महिन्यापासून तेच लावू. बाईंची पानं आपण जपून ठेवू. कपाटात. आठवण म्हणून."

त्यांनी भिंतीच्या फोटोकडे मान केली. मीही बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं, पण काय बोलणार? माझा हात चुकत नाही, असं? मग जीम कुणाचा चुकला?

"बरं," मी म्हटलं.

जिन्यात नवी बाई मागून आली. "काका, थांबा ना."

मी थांबलो.

"पहिल्या दिवशी मला पानं देताना तुम्ही काय सांगितलं होतं, आठवतं? म्हणालात, मी ठिपका बघतो, त्याच्यापलीकडे माझी अक्कल चालवत नाही. पिवळा म्हणजे हे, निळा म्हणजे ते. म्हणालात, बावीस वर्षांत ठिपक्याबाहेर गेलो नाही."

"माणूस बोलतो काहीतरी."

"सगळ्या पानांच्या झेरॉक्स आहेत माझ्याकडे, या आठवड्यात एकेक तपासली. एकोणसाठ पानांत एक खूण इकडची तिकडे नाही. आणि शेवटच्या चारांत एकूण एक जीम. फक्त जीम. हात थरथरला असता तर कुठेही चुकला असता. बरोबर जीमच का?"

मी एक पायरी खाली उतरलो.

"पुस्तिका केली तेव्हा मी ठिपके बघितलेच नाहीत," ती म्हणाली. "तुमच्या शाईवर पेन फिरवत गेले. बाईंचं पान आहे म्हटल्यावर डोकं बाजूला ठेवलं. ती चूक माझीच आहे, ती मी घेईन. पण माझ्यासाठी तुमचं खोटं मला नकोय, काका. त्या खोट्यावर वाचून मी उद्या त्या वर्गात उभी कशी राहू?"

"मग काय करू मी?" मी म्हटलं. आवाज मोठा झाला, खालच्या मजल्यावरचं कुणीतरी वर बघू लागलं. "पान दाखवलं तर तिचं नाव जातं. नाही दाखवलं तर तिची पानं जातात. सांग ना, तू शिकलेली आहेस. काय करू?"

 ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "बाईंना कळत होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "मला कळत होतं."

ते पहिल्यांदाच तोंडातून निघालं. मग मी बाकीचंही सांगितलं. बाबचा ठिपका, भिंतीकडे तोंड, यादी कर म्हणाली ते. छान झालीत म्हणालो ते. जिन्यातून मुलं वर जात होती, आम्हाला वळसा घालून.

*

मी घरी गेलो आणि पेटी उचलून आणली. पेटी जड नाही, पण मोठी आहे. रस्त्यात लोकांना चुकवत चालावं लागलं. धाकटीच्या गल्लीच्या तोंडाशी ती उभी होती. तिने पेटी बघितली, मला बघितलं, तोंड फिरवलं आणि आत गेली. मी हाक मारली नाही.

मोठे सर घरी निघायच्या तयारीत होते. मी पेटी टेबलावर ठेवली, जीमची चार पानं वर काढली.

"सापडलं?" ते म्हणाले. मग ठिपके बघितले. त्यांना ठिपक्यांचा अर्थ माहीत नव्हता, तो मी सांगितला. पिवळा म्हणजे काय, निळा म्हणजे काय आणि ते कोण देत असे.

त्यांनी पान खिडकीजवळ नेलं. 

"कधीचं हे?"

"जाण्याआधी तीन आठवडे."

"आणि तुम्ही हे तेव्हाच..."

"हो."

"सांगितलं नाहीत?"

"तिला नाही. मग तुम्हालाही नाही. मग कुणालाच नाही."

ते खुर्चीत बसले. एक एक करून सगळी त्रेसष्ट पानं उलटली. प्रत्येक पानावर ठिपका आणि खूण, बोट ठेवून. नवी बाई मुलांना लिहायला देऊन आली आणि शेजारी उभी राहून अक्षर म्हणत होती, शीन, पिवळा, शद्दा. काफ, निळा, सुकून. मी कोपऱ्यात उभा होतो. पेटीचा तळ दिसला तेव्हा मोठे सर म्हणाले, "बाकी सगळं चोख आहे."

"हो," मी म्हटलं.

"पानं राहतील," ते म्हणाले. "ही चार सोडून. पण पेंटर, पंधरा मुलांच्या डोक्यात हे बसलंय. ती पोरगी रोज सांगते, तरी त्यांना पटत नाही. त्यांना वाटतं बाई विरुद्ध नवी बाई. ते कुणीतरी मोडायला पाहिजे. मी सांगितलं तर त्यांना वाटेल नव्या बाईची बाजू घेतोय."

मला कळलं ते काय म्हणत होते. वाटलं, एवढं तरी नको. पण दार नव्या बाईने उघडलं होतं आणि वर्ग समोरच होता.

मुलं मला ओळखत होती. काही जण उभी राहिली. मी फळ्यासमोर कधी उभा राहिलो नव्हतो. हातांचं काय करायचं कळेना.

"तुमच्या सुट्टीच्या पुस्तिकेत जीमची पानं आहेत," मी म्हटलं. "ती चुकीची आहेत. नव्या बाईंचं गिरवताना चुकलं, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं. ते खरं नाही. त्या पानावर बाईंचीच चूक होती. बाई तेव्हा खूप आजारी होत्या. त्यांना अक्षरं आठवत नव्हती. आणि ते मला दिसलं होतं, पण मी बोललो नाही."

 टिकली माझ्याकडे अशी बघत होती, जसं मी तिच्या घरातलं काही उचलून नेत होतो.

"का नाही बोललात?" तिने विचारलं.

मी उत्तर शोधलं. बायको खूश होती म्हणून, हे त्या मुलीला सांगता आलं असतं. तिला कळलंही असतं कदाचित. पण ते पंधरा मुलांसमोर बाहेर पडेना.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

टिकलीने पुस्तिका उघडली. तिच्या पानावर खालच्या आठही ओळी भरलेल्या होत्या, नीट, दाबून, प्रत्येक जीमवर शद्दा. तिने खोडरबर हातात घेतलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. नव्या बाईकडे नाही, मोठ्या सरांकडे नाही.

"खोडू?" ती म्हणाली.

सगळी मुलं थांबली होती. मागे दार बंद झालं होतं, मोठे सर त्याला टेकून उभे होते.

"खोड," मी म्हटलं.

मग पंधरा खोडरबर चालू झाली. आठ ओळी खोडायला बराच वेळ लागतो. दाबून लिहिलेलं लवकर जात नाही. सगळं होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.